कागदाची मागची बाजू

दुपारी भाच्याची सरावाची उत्तरपत्रिका सहज उलटी केली आणि डोळ्यांआधी बोटांनाच कळलं. मागच्या बाजूला प्रत्येक ओळ उठून आली होती. डोळे मिटून हात फिरवला असता तरी उत्तर वाचता आलं असतं, कदाचित पुढच्या बाजूपेक्षा बरं. पुढे पहिल्या पानावरचं अक्षर निदान ओळ धरून चाललं होतं. आठव्या पानापर्यंत ‘ख’चा ‘रव’ झाला होता, ‘घ’ आणि ‘ध’ जुळे भाऊ झाले होते आणि शिरोरेघा शब्दांशी फारकत घेऊन वरच्या वर तरंगत होत्या.

“मावशी, शाईपेन घेतलं तर अक्षर सुधारेल का गं? की जेलच बरं?”

तीन तासांचा पेपर, दोन महिन्यांवर आलेला. आणि प्रश्न विचारलाय कुणाला, तर जिची बोटं शाळाभर निळी होती तिला. बोटं पुसायला आमच्याकडे डोक्याचे केस होते. ड्रॉपरने शाई भरायचं माझं पेन डाग पाडायचं तेही नेमका पेपर निम्मा झाल्यावर, मोठ्या उत्तराच्या मध्यावर. ते माझ्यावर डूख धरून आहे असं मला वाटायचं. कारण फार उशिरा कळलं. शाई संपत येते तशी टाकीत हवा भरते, हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि उरलेल्या शाईला निबेतून बाहेर ढकलते. काठोकाठ भरलेलं पेन असं सहसा करत नाही. म्हणजे आत जाण्याआधी ते भरून घेतलं असतं तर अर्धे डाग वाचले असते. असो.

भाच्याचं दुखणं मात्र डागांचं नव्हतं, दाबाचं होतं. बॉलपेनाची शाई तेलकट, घट्ट, तिला रेटावं लागतं आणि हाताला तीच सवय लागते. जेलची शाई गोळी फिरली की पातळ होऊन वाहते, तिला रेटायची गरज नाही. पण रेटलं तरी ती तक्रार करत नाही, मुकाट लिहीत राहते. शाईपेन मुकाट राहत नाही. दाबलं की निबेच्या दोन फाकी उघडतात, रेघ जाड होते, टोक कागदात रुतायला लागतं. बोटांत फिरून निब जरा कलली तर अर्धा शब्द उमटतच नाही. मला ते पेन जरा खाष्टच वाटतं, पण आत्ता खाष्टच हवं होतं.

मग एकच उत्तर दोनदा लिहून घेतलं, चाळीस-चाळीस मिनिटं. एकदा ०.५च्या जेलने, एकदा बारीक निबेच्या शाईपेनाने. शाईपेनाचा कागद मागून गुळगुळीत आणि अंगठाही दुखला नाही म्हणे. पण जेलने तीन पानं झाली होती, याने जेमतेम अडीच. शिवाय कागद पातळ. शाई फुटली, ‘व’ आणि ‘ब’ची पोटं भरून गेली, आणि ओल्या अक्षरांवरून शिरोरेघ ओढताना निबेने दोन शब्द फरपटत नेले.

तेव्हा आमचं ठरलं ते असं : घरी रोज एक पान शाईपेनाने, हात हलका होण्यापुरतं, पेपराला जेल, तेही आठवडाभर वापरलेलं, नवं कोरं नाही. आणि ते टोकावर पडू द्यायचं नाही. एकदा आपटलं की गोळीची बैठक दबते, मग रिफिल भरलेली दिसते पण रेघ मधेमधे तुटते.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्याचं जेलने लिहिलेलं पान उलटं केलं. हात फिरवला. जवळजवळ सपाट. आठवं पान पहिल्यासारखं दिसत होतं, म्हणजे पहिल्याइतकंच वाईट. ‘ख’ अजून ‘रव’च. त्याचे दोन पाय खाली जोडायचे असतात आणि ते कुठलंच पेन आपणहून जोडत नाही. ते मी त्याला स्वतंत्र शिकवलं, पाच मिनिटांत. ती पाच मिनिटं आधीच दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवला नाही.

जाताना म्हणाला, “मावशी, तुझं ते काळं शाईपेन देशील? मस्त चालतं.”

दुसऱ्याच्या हातात गेलं की निब बिघडते, असं आम्ही लहानपणी मानायचो. निबेच्या टोकावरचा धातू इतका कठीण असतो की चार दिवसांच्या उसनवारीने त्याला काही होत नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे.

“तुला नवं घेऊन देते,” मी म्हटलं.