कोल्हापुरी चपलेचं कार्ड लिहिताना

निर्यातीच्या कोल्हापुरीसोबत खोक्यात एक छोटं कार्ड जातं. त्याचा मजकूर नव्याने लिहायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या कार्डावर पांढऱ्या मिशांच्या कारागिराचा फोटो आणि 'पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा, प्रेमाने घडवलेली' ही ओळ होती. शालीच्या खोक्यात टाकली असती तरी ती चालली असती, म्हणून आधी तीच काढली.

मग कारागिरांकडे जाऊन बसलो. 'या कामाबद्दल काय वाटतं?' असं विचारलं की पाहुण्यांना द्यायची ठरलेली उत्तरं मिळतात. मी विचारलं, 'जोड बिघडतो कुठे?' वेणी विणणाऱ्या ताई म्हणाल्या, "वादी सारखी कापली नाही तर वेणी एका अंगाला ओढते, मग पट्टा पायावर तिरका बसतो." हेच कार्डावर घेतलं. परदेशातल्या ग्राहकाला आपल्या चपलेची वेणी समोर धरून ते पाहता येतं.

त्या घरी तळ कापायचं काम पुरुषांकडे होतं, वेणी आणि बरीचशी शिवण बायकांकडे. एकाच आजोबांचा फोटो छापणं म्हणजे निम्मं काम लपवणं होतं. आता कार्डावर त्या घरातल्या सगळ्यांची नावं कामासकट येतात. अडचण पॅकिंगला आली. एका ऑर्डरचे साइझ चार घरांत वाटलेले असतात, त्यामुळे कार्डांची अदलाबदल झाली. आता तळाच्या खालच्या बाजूला घराच्या क्रमांकाचा ठसा असतो आणि तो कार्डावरच्या क्रमांकाशी ताडूनच खोकं बंद होतं.

सगळ्यात जपून लिहावी लागली ती कमावणीची ओळ. पारंपरिक कातडं बाभळीच्या साली आणि हिरड्यावर कमावतात. ते कापलं की आतपर्यंत तपकिरी दिसतं. क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेल्याच्या मधोमध बहुधा निळसर-राखाडी रेघ दिसते. एका लॉटच्या पट्ट्यात ती दिसली आणि त्या लॉटच्या कार्डावरून 'झाडाच्या सालीवर कमावलेलं' हे शब्द काढले. डोळ्यांची ही परीक्षा प्राथमिकच. युरोपात त्वचेला लागणाऱ्या चामड्यात क्रोमियम-६ या अपायकारक रूपाचं प्रमाण दर किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली असावं लागतं, त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल हवाच. 'पर्यावरणपूरक' हा शब्दही गेला. युरोपीय संघात २७ सप्टेंबर २०२६ पासून असे पुराव्याविना मोघम दावे चालणार नाहीत.

नाव आणि फोटोची परवानगी मराठीत लिहून, वाचून दाखवून घेतली. नाव कुठल्या देशात छापलं जाणार आणि नको वाटलं तर पुढच्या छपाईत कसं काढायचं, हेही त्यात होतं. वेणीवाल्या ताईंनी नाव दिलं, चेहऱ्याचा फोटो नको म्हणाल्या. त्यांच्या कार्डावर त्यांचे हात आणि अर्धी विणलेली वेणी आहे.