आमची वाटचाल: दूध पावडर, क्रीम आणि गोणीवरचं बारीक अक्षर

२०११ साली कुपवाड एमआयडीसीत एका गाळ्यात आम्ही चहा-कॉफीची यंत्रं भाड्यानं द्यायला सुरुवात केली. यंत्रं दोन होती, दोन्ही सेकंड-हँड. यंत्र आमचं, पावडर आमची, भरायला आणि धुवायला माणूस आमचा, आणि कारखान्यानं कपामागं पैसे द्यायचे, असा हिशेब होता. त्या वेळी माझ्या लेखी पांढरी पावडर म्हणजे दूध पावडर, यापलीकडे काही नव्हतं. पुढची दोन-तीन वर्षं गेली ती हे शिकण्यात, की कपात जे पांढरं दिसतं ते दूध पावडर, क्रीमर किंवा क्रीम अशा तीन अगदी वेगळ्या वस्तूंचं असू शकतं आणि त्या गरम पाण्यात वेगवेगळ्या वागतात.

शिकवणी मिळाली ती एका फाउंड्रीत. तिथं आमचं यंत्र लागलं आणि चौथ्या दिवशी कँटीनवाल्या मामांचा फोन आला, "कॉफी फाटतीय. चहा बरा आहे, कॉफी मात्र फाटतीय." मी धावत गेलो. कप हातात घेतला तर वर पांढरे बारीक कण तरंगत होते, पिसाच्या तुकड्यांसारखे, आणि खाली कॉफी पाणचट करडी झालेली. पावडर जुनी असेल म्हणून नवीन पिशवी फोडली. तेच. डबा धुतला, नळी धुतली, मिक्सिंग बाउल उकळत्या पाण्यानं साफ केला. तेच. मग त्याच पिशवीतली पावडर गाळ्यावर आणून कॉफी केली, तर एकदम मऊ, काही नाही. आमच्या नळाला कृष्णेचं पाणी होतं. फाउंड्रीचं यंत्र बोअरच्या पाण्यावर चालत होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाउंड्रीतून पाच लिटरचा कॅन भरून आणला आणि गाळ्यावर काचेचे ग्लास मांडले. प्रत्येकात एकाच मापाची इन्स्टंट कॉफी, पाणी साधारण ऐंशी अंश गरम, पावडर वरून घालून हलकेच ढवळायची आणि दोन मिनिटं उजेडापुढं धरून बघायचं. आमच्या पाण्यात दूध पावडर नीट बसली. बोअरच्या पाण्यात कण आले. बोअरचंच पाणी वापरून चहा केला तर कण आले नाहीत. म्हणजे एकटी कॉफी दोषी नव्हती, एकटं पाणीही नव्हतं. दोघं एकत्र आली की दूध फाटत होतं.

कारण समजून घ्यायला मला एका डेअरी टेक्नॉलॉजी शिकलेल्या ओळखीच्या मुलीची मदत झाली. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन, ज्याचं आपण पनीर करतो ते. आंबटपणा मोजायचा आकडा म्हणजे पीएच, आंबटपणा वाढला की तो उतरतो, आणि साडेचारच्या आसपास आला की केसीन आपोआप गोळा होतं. कॉफीचा पीएच असतो पाचच्या जवळपास, म्हणजे ती आधीच त्या रेषेच्या फार लांब नसते, आणि पाणी गरम असलं की केसीन रेषेच्या अलीकडेच डळमळायला लागतं. जड पाण्यातला कॅल्शियम उरलेलं काम करतो, केसीनच्या कणाकणांना तो एकमेकांना चिकटवतो. चहा कॉफीइतका आंबट नसतो, म्हणून तो वाचला. फाउंड्रीच्या पाण्यानं तर भट्टीच्या कूलिंगच्या पाइपांतही खडूसारखा थर धरला होता, पण तो मामांनी दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात हे जुळलं नव्हतं.

तिनंच मला पहिल्यांदा नॉन-डेअरी व्हाइटनर, म्हणजेच क्रीमर, आणून दिला. त्याच ग्लासांत, त्याच बोअरच्या पाण्यात घातला आणि एकही कण आला नाही. रंगही दूध पावडरीपेक्षा पांढरा, दाट. मी तिथंच ऑर्डर द्यायला निघालो होतो. ती म्हणाली, "आधी गोणीवरचं वाचा."

गोणीवर सगळ्यात वर होता ग्लुकोज सिरपचा सुका चुरा, निम्म्याहून जास्त. त्यानंतर हायड्रोजनेटेड पाम कर्नेल तेल, सुमारे तीस टक्के. मग सोडियम केसिनेट, डायपोटॅशियम फॉस्फेट, तेल-पाणी एकत्र धरणारा इमल्सिफायर आणि पावडर गुठळ्या धरू नये म्हणून सिलिका. ही पूड बनते कशी, तर तेल वितळवून सिरपच्या पाण्यात घालतात, दाबानं बारीक फोडतात, इतकं बारीक की तेलाचा एकेक थेंब डोळ्याला दिसतच नाही, आणि मग गरम हवेत फवारून सुकवतात. कपात जो पांढरा रंग येतो तो या कोट्यवधी थेंबांवर उजेड विखुरल्यामुळे. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत तेल नसतंच, तिचा पांढरेपणा केसीनच्या कणांचा, म्हणून कॉफीत ती थोडी निळसर-करडी वाटते. न फाटण्याचं कारण फॉस्फेट. ते पाण्यातला कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॉफीचा आंबटपणाही थोडा कमी करतं. शिवाय यात प्रथिन इतकं कमी असतं की फाटायला फारसं काही नसतंच.

पाम कर्नेल म्हणजे पामच्या फळातल्या बियांचं तेल, नारळाच्या तेलाचं चुलतभाऊ म्हणता येईल. हायड्रोजन देऊन त्याला घट्ट करतात म्हणजे पोत्यात तेल सुटत नाही आणि खवट वास लवकर येत नाही. यात संतृप्त चरबी भरपूर असते, दुधाच्या चरबीपेक्षाही जास्त, हे मी कुणापासून लपवत नाही. ट्रान्स फॅटची भीती मात्र सगळ्या पावडरींना सारखी लागू नाही. तेल अर्धवट हायड्रोजनेट केलं की ट्रान्स फॅट राहतं, पूर्ण केलं तर जवळजवळ राहत नाही. जानेवारी २०२२ पासून एफएसएसएआयनं एकूण चरबीच्या दोन टक्क्यांची मर्यादा घातली, तरी आम्ही प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागतो आणि फाइलला लावतो.

सहा ग्रॅमचा एक मोठा चमचा धरा. क्रीमरमधून येते सुमारे पावणेदोन-दोन ग्रॅम चरबी आणि प्रथिन नावापुरतं. संपूर्ण दूध पावडरीतून दीड ग्रॅमच्या आसपास चरबी आणि जवळपास तेवढंच प्रथिन. साय काढलेल्या पावडरीतून चरबी नाहीच, प्रथिन दोन ग्रॅम. एवढं वाचल्यावर मी फाउंड्रीच्या कामगारांना क्रीमर देऊन वर दूध म्हणायला तयार नव्हतो. भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा माणूस दिवसातून चार कप घेतो, त्याच्या पोटात काय जातं हे त्याला कळलंच पाहिजे. मी मॅनेजरसाहेबांना दोन्ही कप समोर ठेवून सगळं सांगितलं. कॉफीला क्रीमर, चहाला दूध पावडर, आणि यंत्रावर दोन्हीची नावं मराठीत मोठ्या अक्षरात, असं ठरलं. वर्षभरानं त्यांनी पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर बसवला. मग कॉफीतही दूध पावडर चालायला लागली.

चहाला क्रीमर आम्ही कधीच दिलं नाही. भाव कमी पडतो म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकांनी आग्रह धरला होता. पण चहातला तुरटपणा दुधातलं प्रथिन स्वतःकडे ओढून घेतं, त्यामुळे दुधाचा चहा मऊ लागतो. क्रीमरमध्ये ते प्रथिन नसल्यासारखंच, म्हणून चहाचा रंग छान येतो आणि जीभ मात्र खरखरते. चहा उकळून पिणाऱ्या आपल्या लोकांना ते पहिल्या घोटात कळतं.

आता क्रीम. लग्नाच्या कंत्राटात आम्ही क्रीम वापरून पाहिलं, २५ टक्के चरबीचं डब्यातलं. चव तर त्याचीच, या दोन पावडरी तिच्या जवळ जात नाहीत. पण उकळत्या कॉफीत थेट ओतलं की चरबीचे थेंब एकमेकांत मिसळून वर सोनेरी तवंग धरतात, आणि कप दहा मिनिटं राहिला तर ओठाला तेल लागतं. क्रीम फ्रिजमधून काढून तसंच घालू नये. आधी थोडी गरम कॉफी क्रीममध्ये मिसळावी आणि मग ते सगळं परत कपात. एवढी काळजी लग्नाच्या गर्दीत कोण घेणार, आणि डबा उघडला की दोन-तीन दिवसांत संपवायला हवा. आता आम्ही क्रीम फक्त छोट्या बैठकींना देतो, जिथं माणूस समोर उभा राहून कॉफी करतो.

चूक झाली ती दुसरीकडेच. २०१६ साली एका ऑफिसमधल्या ताईंनी मला विचारलं, "यात दूध नाही ना? मला दुधाची ॲलर्जी आहे." मी पूर्ण विश्वासानं म्हणालो, "नाही ताई, नॉन-डेअरी आहे." कॉफी प्यायल्यावर त्यांच्या अंगावर पित्त उठलं आणि ओठ सुजले. त्या डॉक्टरांकडे गेल्या, औषधानं उतरलं. मी गोणी परत वाचली. सोडियम केसिनेट. तेच केसीन, दुधातून काढून, सोडा वापरून पाण्यात विरघळेल असं केलेलं. तेलाचे थेंब एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याचं पातळ आवरण त्यांच्याभोवती असतं, आणि त्यामुळेच पावडर कपात नीट पसरते. "नॉन-डेअरी" म्हणजे दुधाची चरबी नाही आणि दुधातली साखर, लॅक्टोज, जवळजवळ नाही. दुधाचं काहीच नाही असा त्याचा अर्थ नव्हे. ज्यांना दूध पचत नाही, पोट फुगतं, त्यांना ही पावडर सहसा चालते. ज्यांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्यांना नाही. मी त्या ताईंच्या घरी जाऊन माफी मागितली.

त्यानंतर दूध पावडर किंवा केसिनेटचं क्रीमर असलेल्या आमच्या प्रत्येक यंत्रावर नावाखाली एक ओळ छापलेली असते: "यात दुधाचं प्रथिन आहे." वाटाण्याच्या प्रथिनावर बनवलेली पावडरही आम्ही आणून पाहिली. केसिनेटइतकी ती गरम कॉफीत टिकत नाही, जड पाण्यात तर लगेच कण धरते, म्हणून ज्या ठिकाणी पाणी मऊ आहे तिथंच ती देतो. ही आणि दुधाचं प्रथिन असलेली पावडर एका यंत्रात ठेवत नाही. मिक्सिंग बाउल एकच असतो, आणि वरवर पाणी मारून आधीच्या पावडरीचा शेवटचा कण गेला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

गिऱ्हाईक फोन करतं तेव्हा आजही पहिला प्रश्न आम्हीच विचारतो, पाणी बोअरचं का नळाचं. बोअरचं असेल तर माणूस जाताना काचेचे दोन ग्लास, थर्मास आणि कॉफीची पुडी सोबत नेतो, आणि दोन मिनिटं ग्लास उजेडापुढं धरून झाल्यावरच भाव सांगतो.