सातवीच्या मुलींची नाटुकली

दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, अहवालवाचन हे आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी होतं तसं होतं. मन अडकतं ते सातवीच्या मुलींच्या नाटुकलीत. ती बक्षीस समारंभानंतर असते आणि तोवर निम्मे पालक आपापल्या मुलाचं बक्षीस घेऊन घरी निघालेले असतात. हे काही बरं नाही. वीस मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

दोघी मैत्रिणी नाना पेठेतल्या सिटी चर्चवरून चाललेल्या असतात. एक विचारते, "आत एवढे दिवे आहेत, मग मेणबत्त्या कशाला गं लावता?" दुसरी ख्रिस्ती. ती म्हणते, "ईस्टरच्या आदल्या रात्री ये. तेव्हा दिवे बंदच असतात."

इथे रंगमंचावरही अंधार होतो. चर्चबाहेर नवा विस्तव पेटवतात, त्यावरून फादर पास्काची, म्हणजे ईस्टरची, उंच मेणबत्ती लावतात, हे ती सांगत जाते. मेणबत्तीवर क्रूस, त्याच्या वर आल्फा हे ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर, खाली ओमेगा हे शेवटचं, चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे आणि येशूच्या पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे. "ख्रिस्ताचा प्रकाश" असं तीनदा म्हणत ती आत नेतात आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत सगळं चर्च उजळतं. येशूने स्वतःला जगाचा प्रकाश म्हटलं, तो असा हातोहात पोचतो.

मैत्रीण आपली पेटलेली मेणबत्ती पुढे वाकवते, तेव्हा ख्रिस्ती मुलगी तिचा हात धरते. "पेटलेली सरळ धरायची, विझलेली वाकवायची." ज्योतीभोवती वितळलेलं मेण साठलेलं असतं, पेटलेली कलली की ते समोरच्याच्या बोटांवर सांडतं. तालमीत मुली नेमक्या इथेच चुकतात.

मग येतं ते वाक्य, जे ऐकून दरवर्षी गळा दाटतो: "बाप्तिस्म्याला बाळाची मेणबत्ती याच मोठ्या मेणबत्तीवरून लावतात. आणि आजोबा गेले ना, तेव्हा त्यांच्या शवपेटीजवळही हीच होती."

या नाटुकलीमागे किती हात असतात! पंखे बंद करून दारं लावणारे वायरमनकाका. वारा लागला की ज्योत एका बाजूला झुकते, ती कड वितळते आणि मेण ओघळतं. वाती कापून आखूड करणाऱ्या चित्रकलेच्या बाई, कारण लांब वात काजळी धरते. मेणबत्त्यांना बसवायच्या पुठ्ठ्याच्या चकत्यांना मधोमध भोक पाडून देणारी आठवीची मुलं. विंगेत वाळूची बादली घेऊन उभे असणारे पीटीचे सर. चर्चमधले शब्द तपासून देणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आई. आणि शिपाईमामा, त्यांचं नाव आभारप्रदर्शनात हमखास राहतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मेण घट्ट झाल्यावर, रंगमंचाच्या फळ्यांवरचे थेंब ते पट्टीच्या कडेने खरवडतात. ओल्या फडक्याने पुसलं तर मेण निघत नाही, हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं.