नोंदवही: मोहरम, आषाढी आणि बारा अधिकमासांचा फेरा

गेल्या महिन्यात वहीत दोनच रकाने ठेवले. एकात आषाढी एकादशी, दुसऱ्यात मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आपल्याकडे ताबूत निघतात तो दिवस. दोन्हींची नावं चांद्रमासावरून, पण एक दर पावसाळ्यात येते आणि दुसरी साऱ्या वर्षभर फिरते. हे फिरणं आकड्यांत नेमकं कुठे दिसतं, ते पकडायचं होतं.

पहिल्यांदा पत्रक मांडलं तेच चुकलं. एका इंग्रजी वर्षाला एक ओळ, असा हिशोब होता. २००९ला आलो आणि अडलो. त्या वर्षी दहावी मोहरम दोनदा आली, ८ जानेवारीला आणि २८ डिसेंबरला. मधलं अंतर ३५४ दिवस. अमावस्या ते अमावस्या सरासरी २९.५३०६ दिवस, त्याची बारापट ३५४.३७. हिजरी वर्ष तेवढंच आणि त्याला ठिगळ नाही. सौर वर्षापेक्षा ते जवळजवळ ११ दिवसांनी तोकडं, म्हणून मोहरम दरवर्षी तेवढाच मागे सरकतो. आता मी हिजरी वर्षाला एक ओळ देतो.

दुसरी चूक जास्त खटकली. काही तारखा एका आखाती कॅलेंडरातून घेतल्या होत्या, त्या एकेक दिवस आधीच्या निघाल्या. २०२४ मध्ये तिकडे दहावी मोहरम १६ जुलैला, आपल्याकडे १७ला. महिना कोर दिसल्यावर सुरू होतो, आणि ती सगळीकडे एकाच संध्याकाळी दिसत नाही. सगळ्या ओळी भारतातल्या तारखांनी पुन्हा भरल्या.

मग दोन रकाने शेजारी ठेवले आणि मजा सुरू झाली.

२०२४ : आषाढी १७ जुलै, मोहरम १७ जुलै.
२०२५ : आषाढी ६ जुलै, मोहरम ६ जुलै.

एक अकरावी तिथी, दुसरी दहावी तारीख, तरी दिवस एकच. कारण साधं आहे. आपला महिना अमावस्या संपताच सुरू होतो, हिजरी महिना कोर दिसेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात दिवसभराचं अंतर पडतं. शिवाय बघा, आषाढीसुद्धा १७वरून ६वर आलीच, अकरा दिवस मागे. म्हणजे एरवी दोन्ही पंचांगं हातात हात घालून मागे सरकत असतात!

हात सुटतो तो अधिकमासात. २०२३ मध्ये आषाढी २९ जूनला होती आणि त्याच दिवशी बकरी ईद, म्हणजे मोहरमच्या आधीच्या जिल्हेज महिन्याची दहावी. तेव्हा आषाढाचा जोडीदार जिल्हेज होता, पुढच्या वर्षी मोहरम झाला. मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ हा अधिक श्रावण येऊन गेला. सूर्य कर्क राशीत शिरला १७ जुलैच्या पहाटे, अमावस्या संपली त्याच मध्यरात्री. पुढची अमावस्या १६ ऑगस्टच्या दुपारी संपली आणि सिंह संक्रांत लागली १७ ऑगस्टच्या दुपारी. दोन्ही संक्रांती दिवसाहून कमी फरकाने महिन्याबाहेर राहिल्या. संक्रांत नसलेला महिना तो अधिक, त्याला आपण नवं नाव देत नाही. हिजरी पंचांग मात्र त्याला मोजतं. परिणामी २०२४ची आषाढी अठरा दिवस पुढे गेली, मोहरम मात्र २९ जुलैवरून १७ जुलैवर, म्हणजे मागेच आला.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणून त्या वर्षी मोहरम जूनच्या शेवटच्या आठवड्यात आणि आषाढी २५ जुलैला. आषाढाचा जोडीदार आता मोहरमनंतरचा महिना, सफर.

प्रत्येक अधिकमासागणिक जोडी एका घराने सरकते, तर बारा अधिकमासांनी फेरा पूर्ण व्हायला हवा. हे पडताळायला १९९२ला गेलो. त्या वर्षीही ताबूत आणि आषाढी जुलैच्या दुसऱ्याच आठवड्यात होते. मग १९९२ आणि २०२४च्या मधले अधिकमास बोटांवर मोजले. १९९३, १९९६, १९९९, २००१, २००४, २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८, २०२०, २०२३. बरोबर बारा. तेवढ्यात ३२ सौर वर्षं झाली आणि हिजरी १४१३ वरून १४४६ वर, म्हणजे ३३ वर्षं पुढे गेली. जादाचं एक वर्ष म्हणजे आपण अधिक म्हणून बाजूला ठेवलेले बारा महिने. हे पाहिल्यावर चहा गार झाला, पण हरकत नाही.

या ३२ वर्षांत मोहरम जुलैतून मागे सरकत जून, मे, पुढे जानेवारी, डिसेंबर असा पुन्हा जुलैत आला. आषाढी जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंतच हलत राहिली, कारण ती फार मागे गेली की अधिकमास तिला पुढे ढकलतो.

पुढची गाठ २०५६-५७च्या सुमारास पडावी. तिची ओळ पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. आता तिसरा रकाना रमजान ईदचा, समोर कोणती तिथी येते ते पाहायला.