अडतीस टक्के

डिसेंबरचा महिना, नागपुरात अधिवेशन सुरू, सिव्हिल लाइन्सकडचे अर्धे रस्ते बंद, त्यामुळे मी त्या दिवशी लवकरच क्लासवर पोचले होते. धरमपेठेतल्या दोन खोल्यांत मी परदेशी जाणाऱ्या पोरांना आयईएलटीएस शिकवते, बारा वर्षं झाली. दार उघडत नाही तोच मागून आवाज, "मॅडम, आत येऊ का जी?" काटोलकडच्या एका शाळेतले सर उभे. त्यांची पोरगी माझ्याकडे शिकून सप्टेंबरात इंग्लंडला गेली होती, पर्यावरण आणि आरोग्य असा काहीतरी एमएस्सीचा कोर्स. हातात पिशवी, पिशवीत तिच्या दहावीच्या वह्या. सर म्हणाले, "युनिव्हर्सिटीनं पोरीवर चोरीचा आळ घेतला. तुम्हीच बघा, ही पोरगी चोरी करन काय?"

वह्या काहून आणल्या ते मला आधी कळलंच नाही. मग कळलं, अक्षर दाखवायला आणल्या होत्या, बिचाऱ्यांनी. अशी वळणदार अक्षरं काढणारी पोरगी चोर कशी असेल, एवढंच त्यांचं म्हणणं.

पोरीचे रात्रीतून आठ व्हॉइस मेसेज येऊन पडले होते. निबंध दुसऱ्यांच्या लिखाणाशी ताडून बघणारं टर्नइटिन नावाचं सॉफ्टवेअर असतं, पहिल्या निबंधाचा त्याचा रिपोर्ट 38 टक्के आला, मेल आला, आज दुपारी दोन वाजता चौकशीच्या पॅनलसमोर मीटिंग. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी फोन लावला तेव्हा तिच्याकडे पहाटेचे पाच वाजले होते, झोपलीच नव्हती. म्हटलं आधी रडणं थांबव आणि पूर्ण रिपोर्ट पाठव, नुसता आकडा नको.

कारण आकड्यावरून काहीच कळत नाही. टर्नइटिन चोरी पकडत नाही, फक्त तुझं लिखाण त्याच्याकडच्या मजकुराशी कुठं जुळतं ते रंगवून दाखवतं, चोरी आहे की नाही ते माणूस ठरवतो. आम्ही 38 ची फोड करायला बसलो. नऊ टक्के शेवटची संदर्भांची यादी, ती जुळणारच, जगात सगळे त्या पेपरचं नाव तसंच लिहितात. चार टक्के निबंधाचं पहिलं पान आणि प्रश्नाचा मजकूर, तो वर्गातल्या सगळ्यांचा सारखा. दोन टक्के अवतरणचिन्हातलं. उरले तेवीस. त्यातले बारा टक्के इथून तिथून तीन-तीन चार-चार शब्द, असे तुकडे कोणाच्याही लिखाणात सापडतात. पण अकरा टक्के एकाच पेपरातून, आणि तेही सलग तीन परिच्छेद, दुसऱ्या पानावर. पॅनलनं बोट ठेवलं होतं ते तिथंच. मला एकदम हायसं वाटलं आणि त्याच वेळी पोटात गोळाही आला, कारण ते अकरा खरे होते.

निबंध भूजलातल्या फ्लोराइडवर होता. विषय तिनं मनानं घेतला होता, यवतमाळ-चंद्रपूरकडे पिवळ्या डागांच्या दातांची पोरं तिनं बघितली आहेत. मूळ पेपरातलं वाक्य साधारण असं की मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइडचं भूजल दीर्घकाळ पिण्यात आल्यानं, विशेषतः बोअरवेलवर अवलंबून असलेल्या ग्रामीण भागातल्या मुलांमध्ये, दातांवर डाग पडतात. हिनं काय केलं, प्रोलाँग्डच्या जागी लाँग टर्म, कन्झम्प्शनच्या जागी ड्रिंकिंग, लीड्स टूच्या जागी कॉझेस. बाकी वाक्याचा सांगाडा तोच, माहितीचा क्रम तोच, ते मधलं "विशेषतः" सुद्धा जागच्या जागी. असं सलग तीन परिच्छेद. याला तिकडे पॅचरायटिंग म्हणतात, आपल्या भाषेत गोधडी म्हणा, कापड दुसऱ्याचं आणि टाके आपले.

"पण मॅडम मी शब्द बदलले ना! आणि पेपरचं नाव तर मी शेवटी यादीत दिलं आहे!" हे तिचं अगदी मनापासून होतं आणि खरंच दिलं होतं, चौदापैकी तिसरा नंबर. चोरानं चोरीच्या मालावर स्वतःच पावती चिकटवून ठेवावी असला प्रकार. पण निबंधाच्या आत त्या तीन परिच्छेदांत एकदाही लेखकाचं आडनाव नाही, वर्ष नाही. शेवटची यादी म्हणजे आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर "संदर्भग्रंथ" लिहितात तसलीच काहीतरी, असं तिला वाटलं. वाचणाऱ्याला यादीवरून कळत नाही की कोणतं वाक्य कोणाचं. आडनाव आणि वर्ष जिथं ती गोष्ट येते तिथंच कंसात लागतं, आणि शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह आणि पान नंबरही.

सर इतका वेळ गप्प बसून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "हे मीच शिकवलं ना तिले." म्हटलं म्हणजे? त्यांनी दहावीची विज्ञानाची वही उघडली. सर वर्गात सांगत, पोरं उतरवून घेत. पेपरात उत्तर तसंच्या तसं आलं की पाचपैकी पाच, मधला शब्द बदलला की लाल पेनानं गोल. "स्वतःच्या भाषेत लिहा असं प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असते, पण तसं लिहिलं की मीच मार्क कापत होतो, कारण मॉडरेटरले बी तेच उत्तर पाहिजे." वहीत खरंच एका ठिकाणी तिनं काहीतरी आपल्या मनानं लिहिलं होतं आणि बाजूला लाल शाईत "पुस्तकी भाषा वापर" असं होतं.

माझेही हात काही स्वच्छ नाहीत. आयईएलटीएसच्या दुसऱ्या टास्कसाठी मी पोरांना साचे देते, सुरुवात अशी करा, शेवट असा करा. अडीचशे शब्दांचं स्वतःचं मत मांडायचं असतं, त्यात कुठंच सोर्स येत नाही, म्हणून त्या परीक्षेत साडेसहा बँड आणलेली पोरगी आयुष्यात एकदाही दुसऱ्याचं वाक्य वाचून आपलं वाक्य लिहायला बसलेली नसते, आणि मी तिला विमानात बसवून मोकळी.

असो. मग आम्ही त्या एका वाक्यावर बसलो. मी म्हटलं पेपर बंद कर, लॅपटॉपचं झाकण पण लाव, आता मला मराठीत सांग ते काय म्हणून राहिले. तिनं सांगितलं, जास्त फ्लोराइडचं पाणी प्यायलं की पोरांचे दात खराब होतात. म्हटलं पोरांचेच काहून? तुझे बाबा आज तिकडे राहायला गेले आणि तेच पाणी पाच वर्षं प्यायले, तर त्यांच्या दातांवर डाग पडतील का? गप्प. अख्खा परिच्छेद लिहिला होता पण हे तिला माहीतच नव्हतं. जा वाच म्हटलं. दहा मिनिटांनी तिचाच फोन, आवाजच बदललेला. "मॅडम, दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच फ्लोराइड त्याच्या वरच्या थराला लागते! साधारण आठ वर्षांपर्यंत. नंतर दात बनून गेले की तसे डाग नाही पडत, मोठ्यांना हाडांचा त्रास होतो." मग तिनं इंग्रजीत लिहिलं की दातांवरचे डाग म्हणजे बालपणात प्यायलेल्या पाण्याची नोंद असते, त्यामुळे मोठ्या माणसाच्या दातांवरून तो लहानपणी कुठलं पाणी प्यायला याचा अंदाज येऊ शकतो. ग्रामर दोन ठिकाणी चुकलं होतं. पण वाक्य तिचं होतं.

आणि लगेच पुढची चूक. "आता शब्द माझे आहेत तर नाव नाही दिलं तरी चालन ना?" नाही ना बाई. शब्द तुझे, पण दात कधी तयार होतात हे तू शोधलंस का? मग तिचा उलटा प्रश्न, मग प्रत्येक वाक्याला नाव लावू काय. तेही नाही. फ्लोराइड पाण्यात विरघळतं हे कोणीही सांगेल, त्याला नाव नको. पण लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही मर्यादा डब्ल्यूएचओची आहे, कोणीतरी ठरवलेला आकडा आहे, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, पसंतीची मर्यादा 1.0 आहे, पर्यायी पाणीच नसेल तर 1.5 पर्यंत चालतं, म्हणजे दोन संस्थांचं म्हणणं वेगळं, तिथं नाव नाही दिलं तर वाचणारा विचारणारच की कोणाचा आकडा.

सर मध्येच म्हणाले, "म्हणजे 'तुका म्हणे' लिहायचं राहिलं." मला हसू आलं. म्हटलं सर, तुकोबा स्वतःच्याच अभंगावर सही करत होते, इथं दुसऱ्याची सही दुसऱ्याच्याच ओळीवर राहू द्यायची आहे.

दुपारी खरी पंचाईत झाली. चौथ्या पानावर विदर्भातल्या गावांबद्दल एक सुरेख परिच्छेद होता, रिपोर्टमध्ये त्यावर एकही रंग नाही. इतका नेटका की मला शंका आली. विचारलं तर म्हणाली, तो एका सरकारी मराठी अहवालातून आहे, मीच इंग्रजीत भाषांतर केलं. कोरं करकरीत कारण टर्नइटिनला ते जुळलंच नाही. तो अहवाल यादीतसुद्धा नव्हता, "मराठी आहे म्हणून नाही टाकला, त्यांना कुठं वाचता येणार." आता झाली का पंचाईत. अकरा टक्क्यांचा परिच्छेद निदान यादीत होता, हा तर कुठंच नव्हता, आणि पॅनलला त्याचा पत्ता नव्हता.

सर माझ्याकडे बघून राहिले, मी त्यांच्याकडे. मला प्रामाणिकपणे सांगते, गप्प राहा म्हणावं असं दोन मिनिटं वाटलं. पण पोरगीच म्हणाली, "आज नाही सांगितलं तर डिसर्टेशनच्या वेळी निघन ना मॅडम, तिथंही मी तोच अहवाल वापरणार आहे." तिच्यासोबत मीटिंगला स्टुडंट्स युनियनची एक सल्लागार बसणार होती, तिला आधी विचार म्हटलं. त्या बाईंनी सांगितलं, स्वतःहून सांग आणि कच्च्या नोट्स घेऊन ये. नोट्स म्हणजे वहीच, मराठी-इंग्रजी मिसळलेली. त्यावरून ती स्वतः वाचत होती हे तरी दिसणार होतं.

साडेसात ते सव्वाआठ. सर खुर्चीवरून हलले नाहीत, मी चहा मागवला तो तसाच थंड झाला. संध्याकाळची बॅच मी दुसऱ्या खोलीत कशीबशी घेतली.

सव्वाआठला फोन. तीन जण होते, ओरडले वगैरे काही नाही. एकानं विचारलं दात पिवळे पडतात ते लहानपणीच का, आणि हिनं धडाधड सांगितलं. मराठी अहवालाचं तिनं आपणहून सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले मराठी सोर्स बेलाशक वापर, फक्त मूळ नाव, त्याचं भाषांतर आणि भाषांतर तुझं आहे हे लिही. निकाल आठवड्यानं मेलवर आला, फसवणूक नाही, चुकीची लेखनपद्धत, पहिलीच वेळ. निबंध परत लिहायचा आणि कितीही चांगला लिहिला तरी मार्क पन्नासच, म्हणजे तिकडे मास्टर्सला पास होण्यापुरते. पोरीला ते लागलं, पंचाहत्तर-ऐंशीची सवय.

सर मात्र मीटिंगच्याच रात्री निघताना दारात थांबले. पिशवीतून झेरॉक्सचा एक गठ्ठा काढला, नववीच्या नोट्स, दरवर्षी शाळेत वाटतात त्या. म्हणाले, "मॅडम, याच्यातलं कोणतं कोणत्या गाइडमधून घेतलं ते आता मलेच आठवत नाही. काय करू जी?" आणि उत्तराची वाट न बघता काटोलची शेवटची बस पकडायला गेले.