लोदमधला होळीचा सण

२०२३च्या मार्चमध्ये कंपनीच्या कामासाठी मी दोन आठवडे तेल अवीवला होते. त्यांपैकी बारा दिवस कार्यालय, हॉटेल आणि त्या दोहोंमधला एक कंटाळवाणा रस्ता यांतच गेले, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. शुक्रवारी दुपारी मात्र शहरातल्या एका रस्त्यावर पुरीम या यहुदी सणाची नाचगाण्याची गर्दी पाहिली. कानठळ्या बसवणारे संगीत, हातात बिअरचे डबे आणि अंगावर पऱ्यांचे पंख असा तो सारा प्रकार पाहून, हा सण आपल्यासाठी नाही असे ठरवून मी परतले. सोमवारी शेजारच्या खुर्चीवरच्या सहकारी मैत्रिणीला हे सांगितले तेव्हा ती हसली. ती त्या दिवशी पुरीमच्या आधीचा, एस्तेर राणीच्या नावाचा उपास करत होती आणि सकाळपासून तिने पाणीही घेतले नव्हते. ती म्हणाली, "तो शुक्रवार होता, पुरीम आज रात्री सुरू होतो. माझ्या आईकडे लोदला चल, तिला मराठी बोलायला कोणी मिळत नाही."

तिची आई कोकणातल्या यहुद्यांच्या बेने इस्राएल समाजातली. अलिबागजवळच्या गावातून लहानपणीच इकडे आलेली, पण अस्सल कोकणी वळणाचे मराठी बोलणारी. आगगाडीने वीसेक मिनिटांत लोद गाठले. दारातच मावशी म्हणाल्या, "आज तुमच्याकडे होळी ना? आमचे म्हातारे लोक या सणाला होळीचाच सण म्हणायचे." खरोखरच ६ मार्चची ती संध्याकाळ महाराष्ट्रात होळी पेटवण्याची होती. यहुदी पंचांगातल्या अदार महिन्याची चौदावी, म्हणजे पुरीमचा दिवस, आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुतेक वर्षी जवळजवळ येतात, म्हणून कोकणातल्या या मंडळींनी आपल्या सणाला शेजाऱ्यांच्या सणाचे नाव दिले. मी पुण्याहून आणलेला घरच्या बेसनलाडवांचा स्टीलचा डबा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, "उद्या बघू" म्हणाल्या आणि ओट्याच्या एका टोकाला वेगळा ठेवला. ते वेगळे ठेवणे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

काळोख पडल्यावर आम्ही सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, गेलो. दाराशी एका ताटात अर्ध्या शेकेलची नाणी मांडलेली होती. येणारा माणूस दानपेटीत आपली नोट टाकी, तीन नाणी उचलून हातात धरी आणि पुन्हा ताटात ठेवी. यरुशलेमच्या प्राचीन मंदिराच्या काळी प्रत्येकाने अर्धा शेकेल द्यायचा असे, त्याची ही आठवण. वर स्त्रियांच्या सज्जात बसायलाच काय, उभे राहायलाही जागा नव्हती. इतर दिवशी इथे चारपाच म्हाताऱ्याच असतात असे मैत्रीण म्हणाली. परंतु मेगिला, म्हणजे एस्तेरच्या ग्रंथाची गुंडाळी, ऐकणे हे स्त्रियांनाही पुरुषांइतकेच बंधनकारक आहे, कारण त्या संकटातून वाचलेल्यांत त्याही होत्या. खाली मुलांचे सोंगांचे संमेलन भरले होते. एक पोलीस, दोन वाघ आणि पांढऱ्या दाढीचा एक सहा वर्षांचा रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मला दिसला. फिरवला की करकरणारा एक लाकडी खुळखुळा मैत्रिणीने माझ्या हातात दिला आणि सांगितले, "हामानचे नाव आले की वाजव."

कथा मला ठाऊक होती: पारसाचा राजा अहश्वेरोश, त्याचा प्रधान हामान, साऱ्या यहुद्यांना एकाच दिवशी मारण्यासाठी त्याने टाकलेल्या चिठ्ठ्या (त्यांना "पूर" म्हणतात, त्यावरून सणाचे नाव), आणि आपण कोण आहोत हे लपवून राणी झालेली एस्तेर. ठाऊक नव्हते ते ऐकण्याचे शास्त्र. वाचक चर्मपत्राची गुंडाळी तोरा या मुख्य धर्मग्रंथाच्या गुंडाळीसारखी हळूहळू उलगडत नाही. ती आधी उलगडून पत्राच्या घडीसारखी घड्या घालून समोर ठेवतो, कारण ग्रंथातच तिला पत्र म्हटले आहे. तीन आशीर्वचने झाली आणि एकाएकी इतकी शांतता पसरली, की माझ्या बांगडीचा आवाज मलाच मोठा वाटला.

तिसऱ्या अध्यायात हामानचे नाव आले आणि खाली एकच गलका उसळला. मीही मनापासून खुळखुळा फिरवला. गंमत इतकी वाटली, की इतर थांबल्यावरही मी दोनतीन फेरे जास्त घेतले. तेवढ्यात मैत्रिणीने माझे मनगट धरले. वाचक थांबून सज्जाकडे पाहत होता. त्याच्याबरोबर पुढच्या बाकावरचे एक गृहस्थही पाहत होते आणि त्यांच्या नजरेत सणाचा मागमूस नव्हता. मी ओशाळून खुळखुळा पदराखाली घेतला.

नंतर ती कुजबुजत मला समजावू लागली, पण ओठांवर बोट ठेवून मध्येच थांबली. आशीर्वचनापासून शेवटापर्यंत बोलायचे नसते हे तिलाच आठवले. त्यामुळे उत्तर मला तिच्या हातांकडे पाहून मिळवावे लागले. तिच्या मांडीवर छापील मेगिला होती आणि तिचे बोट शब्दागणिक सरकत होते. गलक्यात एखादा शब्द बुडाला, की ती तो पुस्तकातून पुटपुटून घेई आणि वाचकाला गाठे. शेजारच्या बाईचे बाळ रडले तेव्हाही मैत्रिणीने तेच केले. घरी परतताना ती म्हणाली, "एक शब्द जरी निसटला तरी ऐकण्याचे कर्तव्य पुरे होत नाही. म्हणून चांगला वाचक प्रत्येक आवाज विझेपर्यंत थांबतो, आणि आपण सावध राहून निसटलेला शब्द आपला आपण भरून काढायचा. सगळा ग्रंथ मात्र छापील पुस्तकातून वाचून चालत नाही, तो गुंडाळीवरूनच आला पाहिजे." ज्या सणाला मी गोंगाटाचा समजले होते, त्यातला गोंगाट वाचकाला नुसता सोसून घ्यावा लागत होता.

नवव्या अध्यायाशी वाचकाने थांबून खोल श्वास घेतला. हामानच्या दहा मुलांची नावे एका दमात वाचायची असतात, कारण ते दहाही एकाच वेळी मेले असे मानतात. गुंडाळीत ही नावे विटेवर वीट ठेवावी तशी दोन रांगांत लिहिलेली असतात, एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला "वएत" हा जोडशब्द. वाचक लालबुंद झाला, शेवटचे "वएत" कसेबसे सुटले आणि पोरे खिदळली. या साऱ्या ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही, हेही मला त्याच रात्री कळले. तोंड झाकण्याचा आणि सोंगे घेण्याचा संबंध मैत्रीण त्याच्याशी लावते. दुसरे कोणी म्हणतात, की सोंगाआड मागणाऱ्याला आपला चेहरा दाखवावा लागत नाही. सोंगांचा उल्लेख पंधराव्या शतकाच्या सुमारास इटलीतल्या एका रब्बीच्या निर्णयात येतो. म्हणजे वाचनाच्या मानाने ही प्रथा बरीच नवी. मला पहिले कारण पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच वाचन, कारण रात्रीचे दिवसाला चालत नाही. त्यानंतर घरात खरी धांदल उडाली. ग्रंथात दोन आज्ञा एका वाक्यात आहेत: एकमेकांना खाद्यपदार्थ पाठवा आणि गरिबांना दान द्या. पहिलीचा हिशेब असा, की किमान एका माणसाला किमान दोन वेगवेगळे तयार पदार्थ दिवसाउजेडी पोचले पाहिजेत. मावशींनी एका ताटात हामानचे कान नावाची खसखस भरलेली तिकोनी बिस्किटे, दोन संत्री आणि एक छोटी द्राक्षरसाची बाटली ठेवली आणि ताट पोलिसाच्या सोंगातल्या नातवाच्या हाती समोरच्या विधवा शेजारणीकडे पाठवले. पाच मिनिटांत तिच्याकडचे ताट आले. गेली अनेक वर्षे हीच दोन ताटे समोरासमोर जातात म्हणे. मला ते थोडे विनोदी वाटले, पण दोघांनी आपापली जेवणे अदलाबदल करून हे कर्तव्य पुरे केल्याची गोष्ट तालमुद या यहुदी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथातही आहे.

मग मी माझ्या डब्याची आठवण करून दिली, आणि मैत्रीण आईकडे पाहू लागली. ज्या स्वयंपाकघरात कोशेरचे, म्हणजे यहुदी खाण्यापिण्याचे, नियम पाळले जात नाहीत तिथला पदार्थ त्यांना चालत नाही, आणि कोशेरचा शिक्का नसलेला तो डबा कुणाला पुढे पाठवताही येत नाही. कोणी काही बोलले नाही. मावशींनी झाकण उघडले, नाक जवळ नेले आणि बराच वेळ तसेच ठेवले. "बेसन छान भाजलंयस," असे म्हणून त्यांनी झाकण लावले. मी विचारून आणायला हवे होते. साधी बाजारातली शिक्का असलेली खजुराची पुडी आणली असती, तर ती खुशाल चालली असती.

दानाचा नियम अधिक कडक वाटला. किमान दोन गरिबांना, प्रत्येकाला एकेक दान, आणि तेही त्याच दिवशी हाती पडले पाहिजे. आधी दिले तर ते सणाआधीच खर्च होऊन सणाचे जेवण राहून जाईल. मैत्रिणीने सकाळी प्रत्येकी शंभर शेकेलची दोन पाकिटे सिनेगॉगच्या व्यवस्थापकाला दिली; दुपारच्या आत ती पोचवण्याची जबाबदारी त्याची. पाकिटे कुणाला गेली, असे मी विचारले. तिला ठाऊक नव्हते, आणि विचारायचे नसते असे तिने सांगितले. मावशी निवृत्तिवेतनावर राहतात, तरी त्यांचीही दोन पाकिटे होती, कारण दानावर जगणाऱ्यालाही यातून सूट नाही. मध्ययुगातला यहुदी धर्मपंडित मायमोनिडीज याने जेवणावर आणि ताटांवर खर्च वाढवण्यापेक्षा गरिबांच्या दानावर वाढवावा असे लिहिले आहे. हे वाक्य मैत्रिणीने मला दोनदा ऐकवले, बहुधा माझ्या लाडवांमुळे.

दुपारच्या जेवणात मटण होते, म्हणून पुरणपोळी तुपाऐवजी तेलावर भाजलेली होती. मांस आणि दूध एका जेवणात येत नाहीत. तीन पोळ्या खाऊनही मला तुपाची उणीव जाणवली, हे इथे कबूल करते.

यरुशलेममध्ये पुरीम एक दिवस उशिरा असतो. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या काळी तटबंदी असलेल्या शहरांत तो अहश्वेरोशच्या राजधानी शूशनप्रमाणे पंधराव्या दिवशी पाळतात. म्हणून संध्याकाळी तिकडची जलद गाडी पकडली आणि सण सरायच्या वेळी मी तो पुन्हा सुरू होताना पाहिला. माझ्या अंगावर पैठणी होती, आणि समोरच्या सीटवरच्या मुलाने तिला राणी एस्तेरचे सोंग समजून आईला कोपर मारले. जुन्या वस्तीतल्या एका छोट्या सिनेगॉगच्या उघड्या खिडकीखाली मी उभी राहिले. हातात काही वाजवायला नव्हते. नवव्या अध्यायाशी सगळे स्तब्ध झाले तेव्हा मीही श्वास भरून घेतला आणि "वएत" मोजू लागले. सातव्यालाच दम सुटला. आत वाचक अजून पुढे चालला होता.