'टू' की 'आयएनजी': क्रियापदांचे गट पाडून केलेला अभ्यास

इंग्रजी व्याकरणाच्या पेपरात कंसात क्रियापद देऊन योग्य रूप भरायला सांगतात. त्यासाठी माझ्याकडे अक्षरक्रमाने लावलेली यादी होती. त्यात 'अ‍ॅग्री' आणि 'अ‍ॅव्हॉइड' जवळजवळ यायचे, पण एकाला टू लागतं आणि दुसऱ्याला आयएनजी. नुसत्या पाठांतराने ते डोक्यात राहीना, म्हणून मी यादी मोडून अर्थाप्रमाणे गट पाडले.

पहिला गट पुढे व्हायच्या कामांचा: वॉन्ट, होप, डिसाइड, प्रॉमिस, रिफ्यूज. यांना टू. दुसरा गट चालू असलेल्या किंवा होऊन गेलेल्या कामांचा: एन्जॉय, फिनिश, अ‍ॅडमिट, डिनाय. यांना आयएनजी. सजेस्ट, कन्सिडर, पोस्टपोन मात्र हा हिशेब मोडतात. काम पुढचं असूनही त्यांना आयएनजीच लागतं. त्यांना मी वेगळं पान दिलं आणि ते सरळ पाठ केलं.

'रिमेंबर'ला दोन्ही रूपं चालतात, तिथे काळाचा हिशेब फार कामाला येतो. 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे आधी आठवलं, मग कुलूप लावलं. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप आधीच लावलंय, ते आता आठवतंय. त्यामुळे 'आय रिमेंबर ___ द डोअर, बट नाउ इट इज ओपन' असं वाक्य आलं की 'लॉकिंग'च बसतं.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो अलाउ, परमिट, अ‍ॅडव्हाइज यांचा गट. इथे क्रियापदानंतर माणूस आलाय का, एवढंच पाहायचं. 'दे डोन्ट अलाउ पार्किंग हिअर' यात माणूस नाही, म्हणून आयएनजी. 'दे डोन्ट अलाउ अस टू पार्क हिअर' यात 'अस' आला, म्हणून टू. परीक्षेत हेच वाक्य फिरवून येतं: 'वुई आर नॉट अलाउड ___ हिअर'. रिकाम्या जागेआधी माणूस दिसत नाही, म्हणून हात आयएनजीकडे जातो. पण कर्मणी रचनेत तोच माणूस 'वुई' होऊन पुढे सरकलेला असतो, तेव्हा उत्तर 'टू पार्क'. अर्थाने जवळचा वाटला तरी सजेस्ट या गटात बसत नाही. 'ही सजेस्टेड अस टू वेट' हे चूक. 'ही सजेस्टेड वेटिंग' बरोबर.

शेवटचं पान 'टू'नंतरही आयएनजी घेणाऱ्यांचं. तिथला 'टू' शब्दयोगी अव्ययाचा असतो आणि तो ओळखायला मी पुढे 'इट' लावून बघते. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' चालतं, म्हणून 'टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणून 'टू मीट'. 'आय अ‍ॅम यूज्ड टू इट' चालतं, म्हणून सवयीच्या अर्थी 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अर्ली'. पण पूर्वी लवकर उठायचे, असं सांगायचं तर 'आय यूज्ड टू वेक अर्ली'.